‘थांब’ म्हटल्यावर काय होतं?

वात्स्यायनाच्या कामसूत्रात एका सातवाहन राजाचा उल्लेख येतो, पण तो गौरवाचा नाही. कुंतल शातकर्णी सातवाहन याने शृंगाराच्या भरात ‘कर्तरी’ नावाचा प्रहार केला आणि त्यात महाराणी मलयवतीचा जीव गेला, अशी ती नोंद आहे. त्याच ओळींच्या आगेमागे आणखी दोन प्रकरणं आहेत. एका चोल राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका मेली आणि नरदेव नावाच्या एकाने चुकीच्या फटक्याने एका नटीचा डोळा घालवला. पैठणच्या सातवाहनांची नाणी आणि नाणेघाटातला शिलालेख आपण शाळेत शिकतो. मलयवतीचं नाव मात्र कोणी सांगत नाही.

या नोंदी वात्स्यायनाने नीतिपाठ द्यायला केलेल्या नाहीत. नखक्षत, दंतक्षत आणि प्रहणन यांवर त्याने स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. काहींना शृंगारात थोडी वेदना आणि थोडी झटापट हवीशी वाटते, हे त्याने गृहीतच धरलं आहे. त्याचा मुद्दा पुढचा आहे. भरधाव सुटलेल्या घोड्याला वाटेतला खड्डा किंवा खुंट दिसत नाही, तसं कामवेगात असलेल्या दोघांना इजा दिसत नाही, असं तो म्हणतो. म्हणून जोडीदाराचा नाजूकपणा, त्याची ताकद आणि स्वतःचं बळ हे आधी जाणून घ्यावं, अशी त्याची शिकवण आहे.

आज ज्याला किंक किंवा बीडीएसएम म्हणतात, त्याची सगळी शिस्त याच एका गोष्टीवर उभी आहे. भर चढल्यावर निर्णय नीट घेता येत नाहीत, म्हणून ते आधी घ्यायचे आणि मधेच थांबायची सोय आधीच करून ठेवायची.

कशाला म्हणायचं किंक?

रूढ शारीरिक संबंधांच्या पलीकडची आवड म्हणजे किंक, इतका ढोबळ अर्थ पुरे. बीडीएसएम हा त्यातला मोठा भाग. त्यात बांधणं, हुकूम देणं आणि पाळणं, हलकी वा तीव्र वेदना देणं-घेणं आणि भूमिका वठवणं हे सगळं येतं. कोणाला डोळ्यांवर पट्टी एवढंच हवं असतं, तर कोणाला शरीराला हातही न लावता फक्त हुकमाचा खेळ हवा असतो.

हा आजार आहे का, हा पहिला प्रश्न असतो. १८८६ साली क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने अशा आवडींची विकृती म्हणून वर्गवारी केली आणि वैद्यकाने ती दृष्टी शंभरएक वर्षं सोडली नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत वेगळी आवड आणि विकार यांत फरक केला. आवडीमुळे स्वतःला खोल त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तरच तो विकार. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी २०२२ पासून लागू झाली. तिने परस्परसंमतीच्या अशा आवडी आजारांतून वगळल्या. मात्र संमती नसलेल्या माणसाला वेदना देण्याची ओढ यादीत ठेवली. म्हणजे डॉक्टरांची रेघसुद्धा कृतीपाशी नाही, संमतीपाशी आहे.

बोलणी: कपडे अंगात असताना

संमती घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे पाहायला एक काल्पनिक जोडपं घेऊ. दोघं पस्तिशीतली, लग्नाला आठ वर्षं झालेली, ठाण्यातला वन-बीएचके, हॉलमध्ये सासूबाई झोपतात. हात बांधून घ्यावेत आणि नवऱ्याने सांगावं तसं करावं, असं तिला बऱ्याच दिवसांपासून वाटतं. त्याला कल्पना आवडते, पण धाकधूकही आहे.

पहिला नियम असा की हे बोलणं पलंगावर होत नाही. ज्या रात्री करायचं त्या रात्रीही होत नाही. दोघांनी दारू घेतलेली नसते, घाई नसते आणि ‘हो’ म्हणायचा दबाव नसतो, अशा वेळी ते होतं. आपले दोघे रविवारी दुपारी तलावपाळीला फिरताना बोलतात, कारण घरात तेवढा एकांत नाही. समोरासमोर लाज वाटते म्हणून प्रत्येकाने आधी कागदावर तीन रकाने केलेत: ‘हो’, ‘बघू’ आणि ‘नाही’. दोघांनी एकमेकांचं न बघता रकाने भरलेत आणि मग कागद बदललेत.

ताडून पाहिल्यावर काही गोष्टी जुळतात, काही नाही. हात बांधणं दोघांच्याही ‘हो’त आहे. डोळ्यांवर पट्टी त्याच्या ‘हो’त आणि तिच्या ‘बघू’त आहे. चापट मारणं तिच्या ‘बघू’त, पण त्याच्या ‘नाही’त. इथे दुसरा नियम लागतो. दोघांत जो कमी मागतो त्याचं उत्तर चालतं आणि त्यावर घासाघीस नाही. हुकूम देणारा तो असला तरी ‘नाही’ म्हणायचा हक्क त्यालाही आहे, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. चापट बाद झाली. पट्टी या खेपेला नको, असं ठरलं.

मग तपशील. तिचा उजवा खांदा कॉलेजात असताना निखळला होता, म्हणून हात पाठीमागे बांधायचे नाहीत, पुढेच बांधायचे. सोमवारी ऑफिस आहे, त्यामुळे मनगटावर वळ उठता कामा नये. हुकमाची भाषा चालेल, पण माहेरचा उद्धार आणि तिच्या जाडीवरून टोमणे खेळातही नकोत. फोन दुसऱ्या खोलीत राहील, फोटो नाही. वेळ साधारण वीस मिनिटं. सासूबाईंनी हाक मारली की खेळ तिथेच संपला. बांधलेलं असताना शरीरसंबंध येणार का, हेही स्पष्ट विचारलं जातं. ती म्हणते, पहिल्या खेपेला नको. एका गोष्टीला ‘हो’ म्हटलं म्हणजे पुढच्या सगळ्याला म्हटलं असं नसतं, म्हणून हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

दमा, मधुमेह, फिट येणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, पूर्वीचा एखादा कटू अनुभव या गोष्टी याच वेळी सांगायच्या असतात. विचारणं हे हुकूम देणाऱ्याचं काम आहे आणि खरं सांगणं दोघांचं.

तिसरा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो. ठरलेल्यातून मधेच काही वगळता येतं, पण नवीन काही मधेच वाढवता येत नाही. बांधलेला, भारावलेला माणूस त्या क्षणी कशालाही ‘हो’ म्हणू शकतो. त्या ‘हो’वर विसंबायचं नाही. नवी कल्पना सुचली तर ती पुढच्या रविवारच्या कागदावर जाते.

सेफ वर्ड आणि त्याच्या मर्यादा

शृंगारात तोंडून निघणाऱ्या आवाजांची यादी करताना वात्स्यायनाने ‘पुरे’, ‘सोड’, ‘नको’ आणि आईचा धावा या अर्थांचे शब्दही त्यात घातले आहेत. काही जणांच्या खेळात हे शब्द खेळाचाच भाग असतात. मग खरोखर नको असेल तर ते कळणार कसं? यासाठी सेफ वर्ड, म्हणजे एरवी त्या प्रसंगात कधीच येणार नाही असा ठरवलेला शब्द. तो लहान हवा आणि घाबरल्यावरही आठवेल असा हवा. गमतीचा शब्द निवडून ऐन वेळी तो विसरणारे पुष्कळ असतात. म्हणून सिग्नलचे रंग सगळीकडे रूढ झालेत. ‘हिरवा’ म्हणजे ठीक चाललंय. ‘पिवळा’ म्हणजे जोर कमी कर, काहीतरी बोचतंय, विचार. ‘लाल’ म्हणजे तत्काळ सगळं बंद.

ज्यांनी ‘नको’ला वेगळा अर्थ द्यायचं आधी ठरवलेलंच नाही, त्यांच्यासाठी ‘नको’ हाच सेफ वर्ड असतो. नवशिक्यांनी तोच ठेवलेला बरा.

तोंडाने बोलता येणार नसेल, किंवा शेजारच्या खोलीत ऐकू जाईल म्हणून आवाज काढायचा नसेल, तर खूण ठरवतात. मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरायचा आणि नकोसं झालं की सोडून द्यायचा. नाहीतर जोडीदाराच्या अंगावर तीन थापा. आपल्या ठाण्याच्या जोडप्याने थापा ठरवल्यात, कारण रात्रीच्या शांततेत किल्ल्या पडल्या तर सासूबाई जाग्या व्हायच्या.

आता खेळ सुरू झाल्याचं धरू. तिने ओढणी सुचवली होती. पण ओढणीची गाठ ताणली की आवळत जाते आणि सुटता सुटत नाही. बाजारातल्या खेळण्यातल्या बेड्या मनगटाच्या हाडावर रुततात. म्हणून त्याने रुंद, मऊ, वेल्क्रोचे पट्टे आणलेत. पट्टा आणि मनगट यांच्यामध्ये दोन बोटं सहज जातात. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी आहे. तिला बांधल्यावर तो खोलीबाहेर जाणार नाही, पाणी आणायलासुद्धा नाही.

आठव्या मिनिटाला ती ‘पिवळा’ म्हणते. तो थांबून विचारतो. डाव्या अंगठ्याच्या पाठीला मुंग्या आल्यात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीखालून एक नस जाते. घट्ट बेड्यांनी ती दबली की अंगठ्याच्या मागची बाजू बधिर होते आणि तो बधिरपणा कधी कधी आठवडेच्या आठवडे राहतो. मुंग्या, बधिरपणा आणि बोटं गार पडणं या खुणा सहन करायच्या नसतात. तो पट्टा सैल करून पुढे जात नाही, दोन्ही पट्टे काढतो. वीसऐवजी आठच मिनिटं झाली. ‘एवढ्यात?’ असं तो म्हणत नाही. ‘बरं झालं सांगितलंस,’ म्हणतो.

सगळी मेख या वाक्यात आहे. सेफ वर्ड उच्चारल्यावर समोरचा रुसला, उसासला किंवा दोन दिवस अबोला धरून बसला, तर पुढच्या वेळी तो शब्द उच्चारला जाणार नाही. शब्द ठरलेला असेल, पण निकामी झालेला असेल. म्हणून तो वापरल्यावर पहिली प्रतिक्रिया काय येते, यावर त्याची किंमत ठरते.

दुसरी मर्यादा अशी की माणसं त्या अवस्थेत कधी कधी बोलूच शकत नाहीत. कोणी तंद्रीत जातं, कोणी भीतीने थिजतं. ‘लाल’ म्हटलं नाही म्हणजे सगळं आलबेल, असं धरता येत नाही. हुकूम देणाऱ्याने मधूनमधून ‘रंग?’ असं विचारायचं असतं आणि उत्तर आलं नाही तर तो ‘लाल’ समजायचा. ‘तू सेफ वर्ड कुठे म्हणालीस?’ हा बचाव नाही.

खेळ संपल्यावर लगेच दिवा मालवून झोपायचं नसतं. पांघरूण, पाणी, थोडं गोड आणि जवळ बसणं, किंवा हवं असेल तर एकटं राहू देणं, यातलं काय हवं हेही आधीच विचारलेलं असतं. याला आफ्टरकेअर म्हणतात. ताण ओसरल्यावर काहींना त्याच रात्री, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कारण नसताना रडू येतं किंवा अपराधी वाटतं. असं हुकूम देणाऱ्यालाही होतं. म्हणून दोन दिवसांनी पुन्हा एकदा बोलायचं: काय आवडलं, काय पुन्हा नको.

जिथे शब्द पोचत नाही

एका प्रकाराबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, कारण पॉर्न बघून तरुण मुलं तो नेहमीचाच भाग समजू लागली आहेत. तो म्हणजे गळा दाबणं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्या दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपू शकते. त्यामुळे इथे सेफ वर्ड उपयोगाचा नाही. तो आठवायच्या आत माणूस बेशुद्ध होतो. शिवाय रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली, तर तिथे गुठळी होऊन काही तासांनी किंवा दिवसांनी पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. बाहेरून मानेवर वळसुद्धा दिसत नाही. हलक्या हाताने केलं, सरावाने केलं तरी याची सुरक्षित पद्धत नाही. कोणाचा गळा दाबला गेला असेल आणि नंतर आवाज घोगरा झाला, गिळताना दुखलं, डोळ्यांत लाल ठिपके आले, डोकं दुखलं किंवा हाताची ताकद गेली, तर लाज न धरता त्याच दिवशी इस्पितळात जावं आणि गळा दाबला गेला होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

घरगुती हिंसाचारातही हीच खूण सगळ्यांत धोक्याची मानतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पट आढळली.

छळ कसा ओळखायचा?

बाहेरून पाहणाऱ्याला खेळातला फटका आणि छळातला फटका सारखेच दिसतील. वळावरून काही कळत नाही, म्हणून आजूबाजूला पाहावं लागतं.

खेळाला सुरुवात आणि शेवट असतो. वीस मिनिटांचा हुकूम वीस मिनिटांनी संपतो. दुसऱ्या दिवशी घरखर्च, माहेरी जाणं, नोकरी यांबद्दल दोघं पूर्वीसारखीच बरोबरीने भांडतात. छळाला वेळापत्रक नसतं. तो पगाराच्या खात्यात, फोनच्या पासवर्डमध्ये आणि मैत्रिणींशी बोलण्यात शिरतो. खेळात वेदना कधी आणि किती हे आधी ठाऊक असतं. छळात माणूस समोरच्याचा मूड ओळखत दिवस काढतो. खेळात कोणी शिक्षा मागितलेली असते. छळात राग आलेला माणूस शिक्षा देतो आणि मग तिला खेळाचं नाव देतो. रागात असताना किंवा भांडण मिटवायला म्हणून खेळ सुरू करायचा नाही, हा संकेत म्हणूनच आहे.

किंकच्या नावाखाली होणाऱ्या छळाची काही वाक्यं ठरलेली असतात. ‘खऱ्या समर्पणात मर्यादा नसतात.’ ‘सेफ वर्ड नवशिक्यांसाठी असतो.’ ‘मागच्या वेळी चाललं, मग आज काय झालं?’ ‘हे कोणाला सांगायचं नाही.’ ओळख ऑनलाइन झालेली असेल, तर पहिल्या भेटीतच घरी बोलावणारा, फोटो मागणारा आणि मैत्रिणीला पत्ता कळवू नकोस म्हणणारा माणूस अनुभवी नसतो, धोकादायक असतो. भारतात किंकी कलेक्टिव्हसारखे गट २०११ पासून संमतीबद्दल जाहीरपणे बोलत आहेत. त्यांच्या कार्यशाळा असोत वा जगभरचे असे गट, नवख्यांना पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी आणि नुसत्या गप्पांची ठेवायला सांगणं हा सगळीकडचा रिवाज आहे.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. शय्येवर ‘नाही’ म्हणायचा सराव पुष्कळ बायकांना लग्नानंतर दहा वर्षांनीही नसतो आणि ‘लाजून नाही म्हणते’ हे पुरुषांना सिनेमाने शिकवलेलं असतं. ज्या घरात साध्या संबंधालाच नकार चालत नाही, तिथे सेफ वर्ड ठरवून काही होणार नाही. तिथे आधी ‘नाही’ चालवून घ्यावं लागेल.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संमतीच्या शारीरिक इजेबद्दल कलम २५ आहे. अठरा वर्षांवरील माणसाने संमती दिली असेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. अट अशी की कृतीमागे मृत्यू वा गंभीर दुखापतीचा हेतू नसावा आणि तशी शक्यता असल्याचं करणाऱ्याला ठाऊक नसावं. कलमातलं उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचं आहे. हाड मोडणं किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहणं हे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतीत येतं. तिथे ‘तिनेच सांगितलं होतं’ म्हटलं तरी हे कलम मदतीला येत नाही. कलम २८ सांगतं की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नाही. बलात्काराच्या कलम ६३ मध्ये स्त्रीने शब्दांनी वा हावभावांनी स्पष्टपणे आणि स्वेच्छेने दिलेली तयारी म्हणजे संमती, अशी व्याख्या आहे. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही, असंही तिथे म्हटलं आहे. सज्ञान पत्नीच्या बाबतीत मात्र हे कलम नवऱ्याला अजून सूट देतं. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दाद मागता येते आणि त्या कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे. फोटो काढू दिला, पण पसरवायला संमती नव्हती, तर तो पसरवणं हाही कलम ७७ खाली गुन्हा आहे.

इंग्लंडमधल्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९३ साली सज्ञान पुरुषांनी परस्परसंमतीने एकमेकांना केलेल्या इजेबद्दलची शिक्षा कायम ठेवली आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९७ साली तो निकाल मान्य केला. सहीशिक्क्याचा करारनामा लिहून घेतला की काळजी मिटली, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दोघांचा कागद दोघांना बोलतं करण्यापुरता असतो. तो कोर्टात ढाल होत नाही आणि कालचा कागद आजचा नकार पुसू शकत नाही.

छळ होत असेल तर १८१ ही महिलांची आणि ११२ ही तातडीची मदतवाहिनी आहे. मनावर ताण आला असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

ज्यांना नुसतं कुतूहल आहे, त्यांनी पट्टे विकत घेण्याआधी एक करून पाहावं. सिनेमा, जेवण, रविवारचा बेत अशा एखाद्या साध्या गोष्टीला जोडीदाराला मनापासून ‘नाही’ म्हणावं आणि पुढे काय होतं ते बघावं. ज्याला तेवढा नकार पचत नाही, त्याच्या हाती आपले हात बांधायला देऊ नका.